सात, सातशे एकवीस आणि एक कवडी : प्रकल्पाच्या नोंदी

१ डिसेंबर

२२ तारखेला गणित दिन. या वर्षी सहावी-सातवीच्या टेबलावर एकच गोष्ट मांडायची ठरवली आहे: कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा, आणि त्या मूळ संख्येने भागा. भाग पूर्ण जातो. या नियमाला विल्सनचं प्रमेय म्हणतात. आम्ही ७ घेणार. १ × २ × ३ × ४ × ५ × ६ = ७२०, एक मिळवून ७२१, आणि ७ × १०३ = ७२१.

हे फळ्यावर लिहायला अर्धा मिनिट लागतं आणि विसरायलाही तेवढंच. म्हणून ७२१ वस्तू खरोखर मांडायच्या आणि सात-सातच्या रांगा लावायच्या. ७ का, तर ५ ला २५ येतात, पाच ओळी पाचाच्या. मुलं म्हणतील पंचवीसला पाचने भाग जातोच की, त्यात काय. ११ ला ३६,२८,८०१ येतात, ते मांडायला अख्खं गाव लागेल. हाताने मांडता येईल आणि तरीही आश्चर्य वाटेल, असा सातच.

वस्तू म्हणून चिंचोके. आईकडे चिंच फोडलेल्याचे पोतंभर पडून आहेत, खर्च शून्य. मिळवायचा तो 'एक' वेगळा दिसावा म्हणून त्याच्या जागी एक पांढरी कवडी ठेवणार.

३ डिसेंबर

आजची संध्याकाळ वाया गेली, पण का गेली ते लिहून ठेवते, कारण हा मोह सगळ्यांनाच होईल.

७२० मोजण्याऐवजी वजन करावं असं वाटलं. १०० चिंचोके मोजून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले, ८५ ग्रॅम भरले. म्हणजे ७२० ला ६१२ ग्रॅम. काटा पाचाच्या पटीत दाखवतो, म्हणून ६१० वर थांबले, दोन-तीन चिंचोके आणखी टाकले आणि पिशवी बांधून घरी आणली. रात्री खात्रीसाठी मोजले तर ७०३.

चिंचोके सारखे नसतात. काही चपटे, काही टपोरे, काहींना वाळलेला गर चिकटलेला. पहिले शंभर माझ्या हाताला बारीक लागले असणार. शिवाय काटा पाच ग्रॅमचा, म्हणजे सहा चिंचोके इकडेतिकडे झाले तरी त्याला पत्ता नाही. आणि आपला सगळा खेळ एका चिंचोक्यावर आहे. वजनाने हे काम होणार नाही, मोजायलाच हवं.

५ डिसेंबर

आज मोजण्याची रीत बदलली. एकदम ७२० मोजायला बसलं की तीनशेच्या पुढे कोणी हाक मारली तरी घोटाळा होतो. त्याऐवजी गुणाकार जसा वाढतो तसेच ढीग केले. एक चिंचोका. त्याची दुप्पट दोन. दोनाचे तीन गट, सहा. सहाचे चार, चोवीस. चोवीसचे पाच ढीग, एकशेवीस. आणि असे एकशेवीसचे सहा ढीग. हे टेबलावरही असंच दाखवायचं, कारण ७२० ही संख्या कुठून आली ते मुलांच्या डोळ्यांसमोर राहतं.

मग शाळेच्या सतरंजीवर सात-सातच्या रांगा. पहिल्या वीस रांगा झाल्या आणि चिंचोके घरंगळायला लागले. सतरंजीच्या वळ्या आडव्या येतात. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी खाकी कागदाची लांब पट्टी घेतली, त्यावर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखले, आडवे सात आणि उभे १०३. पट्टी दोन मीटरच्या थोडी पुढे जाते. कागदाचे ३० रुपये आणि आखायला दीड तास, पण आता चौकोनात चिंचोका बसवला की तो हलत नाही.

मांडून झाल्यावर १०२ रांगा पूर्ण आणि शेवटच्या रांगेत पाच. पाच? तिथे सहा हवेत, आणि सातव्या चौकोनात कवडी. पुन्हा सगळे ढीग तपासले असते तर तास गेला असता, पण ढीग करताना मी प्रत्येक ढिगाच्या बारा-बाराच्या दहा ओळी लावून फोटो काढले होते. चौथ्या ढिगाच्या फोटोत एका ओळीत अकराच चिंचोके होते. एक टाकला, सहा झाले. सातव्या चौकोनात कवडी ठेवली आणि १०३ वी रांग भरली.

यातून एक गोष्ट लक्षात आली. एक चिंचोका हरवला तर शेवटची रांग लगेच सांगते. पण सात हरवले असते तर? एक अख्खी रांग कमी झाली असती आणि शेवट तसाच्या तसा दिसला असता. म्हणजे शेवटची रांग बरोबर दिसली एवढ्यावर मोजणी बरोबर म्हणता येत नाही. पट्टीच्या कडेला रांगांचे आकडे लिहिले, दर दहाला एक. शेवट १०३ वर आलाच पाहिजे.

एकूण वेळ चार तास दहा मिनिटं, पट्टी आखण्यासकट.

८ डिसेंबर

सहावीत पहिल्यांदा करून पाहिलं. तक्त्यावर माझीच चूक निघाली. मी लिहिलं होतं, '१ ते ७ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार'. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने वहीत तसंच केलं, ५०४० काढले, एक मिळवून ५०४१, सातने भागले आणि हात वर केला, "बाई, एक उरतोय."

तिचं बरोबर होतं. गुणाकारात सात स्वतःच आला की तो आकडा साताच्या रांगांत पूर्ण बसतो. ५०४० म्हणजे ७२० रांगा. मग त्यात मिळवलेला एक एकटाच उरणार, दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणून सात बाहेर ठेवायचा असतो, फक्त त्याच्याखालच्या सहा संख्या घ्यायच्या. तिलाच फळ्यासमोर बोलावून हे सगळ्यांना सांगायला लावलं. तक्ता फाडून नवा केला, कार्डशीटचे १० रुपये. आता त्यावर सहाही संख्या लिहिल्या आहेत, 'पर्यंत' हा शब्दच काढून टाकला.

१० डिसेंबर

पट्टी पाहून मुलांना पटतं की ७२१ ला भाग जातो. पण का जातो, ते पट्टी सांगत नाही. आज दुसरा भाग, सहाच चिंचोक्यांचा.

युक्ती अशी की मोठी संख्या होऊच द्यायची नाही. गुणत जायचं आणि साताच्या पूर्ण रांगा झाल्या की त्या उचलून बाजूला ठेवायच्या, फक्त उरलेले पुढे न्यायचे.

एकाला दोनने गुणलं, दोन. तीनने गुणलं, सहा. चारने गुणलं, चोवीस. त्यातल्या तीन रांगा उचलल्या, उरले तीन. तीनाला पाचने गुणलं, पंधरा. दोन रांगा उचलल्या, उरला एक. एकाला सहाने गुणलं, सहा. कवडी ठेवली, सात. एक रांग पूर्ण, काही उरलं नाही.

रांगा उचललेल्या चालतात का, हा प्रश्न लगेच आला, आणि यायलाच हवा. चोवीस चिंचोके मांडले, तीन रांगा आणि तीन सुटे. आता सगळ्याच्या पाचपट करा म्हटलं. तीन रांगांच्या पंधरा रांगा झाल्या, त्या रांगाच राहिल्या, कुठलीही मोडली नाही. सुट्या तीनाचे पंधरा झाले. रांगा कितीही वाढल्या तरी शेवटच्या बाकीला त्यांचा काही संबंध नाही. हे चिंचोक्यांनी दाखवलं की पुन्हा कोणी विचारत नाही. नुसतं बोलून मी आधी दोनदा समजावलं होतं, ते कोणाच्या डोक्यात गेलं नव्हतं.

एक चूक मात्र जपून लिहून ठेवते, कारण ती दिसत नाही. चोवीसला सातने भागलं की भागाकार तीन आणि बाकीही तीन. एक मुलगा बाकीऐवजी भागाकार पुढे नेत होता आणि या पायरीला त्याचं उत्तर बरोबर आलं. पुढे पंधरा आले, तिथे भागाकार दोन आणि बाकी एक. त्याने दोन घेतले, बारा काढले, मग एक घेतला आणि कवडी ठेवून दोन झाले. त्याला वाटलं नियमच चुकीचा आहे. मी त्याची वही चार वेळा पाहिली, चोवीसच्या ओळीवर प्रत्येक वेळी बरोबरची खूण करून पुढे गेले, आणि चूक तिथूनच सुरू झाली होती. आता प्रत्येक पायरीला दोन रंग वापरतो, रांगा निळ्या खडूने, उरलेले लाल खडूने. पुढे न्यायचं ते लालच.

१३ डिसेंबर

आता शेवटी सहाच का उरतात हे पाहायचं. माझा पहिला प्रयत्न फसला.

सहा कार्डं केली, १ ते ६. मनात आलं, बेरीज सात होईल अशा जोड्या लावू: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. दिसायला छान. गुणाकार ६, १०, १२. बाक्या ६, ३, ५. सहा त्रिक अठरा, उरले चार. चारा पाचा वीस, उरले सहा. उत्तर बरोबर, पण काही उलगडलं नाही. तीन जोड्यांचे तीन वेगळे आकडे येतात आणि पुन्हा गुणत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी जोड्या बदलल्या. ज्यांचा गुणाकार केल्यावर एक उरतो, ती जोडी. २ आणि ४ चे आठ, एक रांग उचलली, एक उरला. ३ आणि ५ चे पंधरा, दोन रांगा उचलल्या, एक उरला. एकाने गुणून काही बदलत नाही, म्हणून या चारही कार्डांचा गुणाकारावर परिणाम शून्य. ती चार कार्डं उलटी ठेवली. टेबलावर राहिले १ आणि ६. त्यांचा गुणाकार सहा. सातला एक कमी. तो एक म्हणजे कवडी.

इथे वर्गात दोन मिनिटं कोणी बोललं नाही, आणि मीही बोलले नाही. कार्डं तशीच राहू दिली.

मग एक मुलगी म्हणाली, "बाई, सहाला जोडीदार का नाही?" आहे, तो स्वतःच. सहा सक छत्तीस, पाच रांगा उचलल्या, एक उरला. एकाचंही तसंच, तो स्वतःचाच जोडीदार. बाकीचं कोणी स्वतःशी जुळतं का ते पाहिलं: दोन दुणे चार, तीन त्रिक नऊ, उरले दोन, चार चोक सोळा, उरले दोन, पाच पाचे पंचवीस, उरले चार. एकही नाही. म्हणजे मधले चौघे दुसऱ्याशीच जुळतात आणि टोकाचे दोघे स्वतःशी.

प्रत्येकाला जोडीदार मिळतोच हे कशावरून? यासाठी दोनचा पाढा साताच्या रांगा उचलून लिहिला: २, ४, ६, १, ३, ५. तीनचा: ३, ६, २, ५, १, ४. प्रत्येक पाढ्यात सहाही आकडे एकेकदा येतात, म्हणून त्यात एक कुठेतरी असतोच. हे सात मूळ संख्या आहे म्हणून. मुलांना सांगितलं, नुसता विश्वास नको, सातच्या जागी आठ घेऊन बघा. आठाच्या रांगा उचलून दोनचा पाढा येतो २, ४, ६, ०, २, ४, ६. त्यात एक नाहीच. दोनाला जोडीदार नाही.

१६ डिसेंबर

आठचा विषय निघाला म्हणून आज संयुक्त संख्या चिंचोक्यांनी तपासल्या. सहाच्या खालच्या पाच संख्यांचा गुणाकार १२०, कवडीसकट १२१. सहा-सहाच्या वीस रांगा भरल्या आणि कवडी एकटी उरली. कारण गुणाकारात २ आणि ३ दोन्ही आहेत, त्यांचेच सहा होतात, म्हणून १२० आधीच पूर्ण बसतात. आठलाही तसंच, २ आणि ४ गुणाकारात आहेतच. नऊला ३ आणि ६ मिळून १८ होतात, त्यात नऊ आलेच.

चारने मात्र अडवलं. १ × २ × ३ = ६, कवडी धरून ७, चाराची एक रांग आणि तीन उरले. मी आधीच सांगून बसले होते की संयुक्त संख्येला नेहमी कवडीच उरते, ते मागे घ्यावं लागलं. चार म्हणजे दोन दुणे, आणि चाराच्या खाली दोन एकदाच येतो, म्हणून सहा पूर्ण बसत नाहीत. नऊसुद्धा तीन त्रिक, पण नऊच्या खाली तीनशिवाय सहा आहे, त्यातून दुसरा तीन मिळतो. संयुक्त संख्यांत चार हा एकटाच असा. तरी भाग त्यालाही जात नाहीच, म्हणून नियम उलटाही खरा आहे: भाग पूर्ण गेला तर संख्या मूळ, नाही गेला तर संयुक्त.

यावर सातवीतला एक मुलगा उत्साहाने १०१ मूळ आहे का ते याच रीतीने तपासायला बसला. मधल्या सुट्टीपर्यंत बाराव्या गुणाकारापर्यंत पोहोचला होता. शंभर संख्या गुणायच्या, दर वेळी १०१ ने भागून बाकी काढायची, आणि एक चूक झाली की सगळं फुकट. २, ३, ५ आणि ७ ने भाग जात नाही एवढं पाहिलं की १०१ मूळ ठरते, कारण पुढची मूळ संख्या ११ आणि अकरा अक्रे एकशेएकवीस, १०१ च्या पलीकडे. संख्या मूळ आहे का हे शोधायला हा नियम कामाचा नाही, हे टेबलावर स्पष्ट लिहिणार आहे, म्हणजे आणखी कोणी मधली सुट्टी त्यात घालवणार नाही.

१८ डिसेंबर

इतिहासाच्या चिठ्ठीत मी 'जॉन विल्सन यांनी सिद्ध केले' असं लिहिलं होतं. चूक. विल्सन हे एडवर्ड वेअरिंग यांचे विद्यार्थी. वेअरिंग यांनी १७७० साली आपल्या पुस्तकात हा नियम विल्सन यांच्या नावाने छापला, पण सिद्धता दोघांकडेही नव्हती. ती १७७१ मध्ये लाग्रांज यांनी दिली. आणि त्याच्या कितीतरी शतकं आधी, सुमारे इसवी सन १००० च्या आसपास, इब्न अल-हैथम यांना हा नियम माहीत होता. नवी चिठ्ठी लिहिली, आणखी १० रुपये. नाव विल्सनचंच राहिलं आहे, पण मुलांनी नाव आणि सिद्धता एकाच माणसाच्या खात्यावर टाकू नये.

२२ डिसेंबर

टेबल सकाळी नऊला लागलं. पट्टीवर चिंचोके मांडायला चार मुलांना पस्तीस मिनिटं लागली. मी एकटीने तासभर घेतला होता.

सगळ्यात जास्त गर्दी कार्डांपाशी होती, पट्टीपाशी नाही. पट्टी लोक पाहतात आणि पुढे जातात. कार्डांना हात लावून जोड्या लावून बघतात. पुढच्या वर्षी कुणी हे करणार असेल तर कार्डांचे चार संच करावेत, आम्ही एकच केला होता आणि मुलं रांगेत ताटकळली.

दुपारी एका मुलीचे आजोबा आले. पट्टीच्या टोकाला १०३ लिहिलेलं झाकून तिने विचारलं, "आजोबा, सातशे एकवीसला सातने भाग जातो का सांगा." त्यांनी पाढाच म्हटला. "सातशेला शंभर. राहिले एकवीस. सात त्रिक एकवीस. एकशेतीन." मग कवडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काढली तर?" तिने कवडी उचलली, शेवटच्या रांगेतले सहा दाखवले आणि कार्डांपाशी नेऊन त्यांना दोन-चार, तीन-पाच जुळवून दाखवलं. आजोबा खाली बसले आणि पाढे साताच्या रांगा उचलून लिहायला लागले. चारचा पाढा त्यांनी स्वतः काढला: ४, १, ५, २, ६, ३.

आवरताना चिंचोके सात पिशव्यांत भरले. सहा पिशव्यांत प्रत्येकी १०३, सातवीत १०२ आणि कवडी. पिशव्या गणिताच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. पट्टी गुंडाळून त्यांच्या मागे उभी केली आहे. एकूण खर्च ६० रुपये: खाकी कागद ३०, तीन कार्डशीट ३०.